आमच्या मेळाव्याचा तिसरा दिवस

आमच्या मंडळाचा स्नेहमेळावा जत्रा आटोपल्यावर येणाऱ्या शनिवार-रविवारी असतो. फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, जत्रेला गावकऱ्यांनी बसवलेलं मराठी नाटक असायचंच. आमचं मंडळही त्या नाटकापायीच जन्माला आलं आणि मेळावा मागाहून सुरू झाला. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, श्रीफळं, शाली आणि माझं अहवालवाचन याबद्दल काही लिहीत नाही. अहवाल वाचत असताना समोरच्या खुर्च्यांवर काय चालतं ते चिटणीसाला वरून स्पष्ट दिसतं, एवढंच सांगतो.

मी मेळाव्याला थांबतो तो रविवारच्या एका कार्यक्रमासाठी. त्याचं नाव ‘आमचं माणूस’. नाटकाची तिसरी घंटा व्हायच्या आधी गावातल्या कुणीतरी आपल्या घरच्या एका माणसाविषयी पाच मिनिटं बोलायचं. पाहुणे बोलतात तेव्हा मी घड्याळ बघतो. पण एखादी सून सासऱ्याविषयी बोलायला लागली की माझा घसा दाटतो, आणि हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. मागे बसलेली पोरं माझ्याकडे बोट दाखवून हसतात. हसोत.

याच कार्यक्रमात आमच्या वाड्यावरची एक मुलगी शाळेत असताना आपल्या भावाविषयी बोलली होती. भाऊ तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. ती त्याला दादा म्हणते, म्हणून आता सगळं मंडळच त्याला दादा म्हणतं, त्याच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. भाषण कुणीतरी मोठ्या माणसानं लिहून दिलं होतं. त्यात देवाघरचं फूल होतं, आईच्या डोळ्यांतलं पाणी होतं, नियतीही होती. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आणि भाषण ऐन रंगात असताना पडदा पडला. विंगेत दोरीपाशी दादा उभा होता. का रे पाडलास, असं विचारल्यावर बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “लांबलें.”

त्यानंतर पडद्याचं काम त्याच्याकडे आलं ते आजतागायत त्याच्याकडेच आहे. नाटकाच्या तालमीला तो पहिल्या दिवसापासून बसतो. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं त्याच्या लक्षात पक्कं राहतं. त्यामुळे संवाद कुठला ते त्याला सांगता येईलच असं नाही, पण कोण कुठल्या बाजूला वळलं की दोरी ओढायची ते तो चुकत नाही. एका नटानं ऐन प्रयोगात वळायची बाजू बदलली आणि अंक संपूनही पडदा तसाच राहिला, तर मंडळाच्या सभेत खापर नटावर फुटलं. योग्यच झालं.

आता मुख्य गोष्ट. त्या मुलीचं लग्न ठरलं आणि मुहूर्त निघाला तो नेमका मेळाव्यानंतरच्या सोमवारचा. सभागृह मंडळाचंच, मंडपही उभाच होता. मग काय, आम्ही ते लग्न मेळाव्याचा तिसरा दिवस म्हणूनच धरलं. शेवटी ‘आमचं माणूस’ रविवारी व्हायचं ते सोमवारी झालं, कारण रविवारचे वक्ते आयत्या वेळी आलेच नाहीत. कोण ते लिहीत नाही, त्यांना माहीत आहे.

लग्नात नवरीच्या भावाची दोन कामं ठरलेली. होमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या आणि मग नवऱ्याचा कान पिळायचा. आदल्या दिवशी एका नातेवाइकानं सुचवलं, मुहूर्ताची घाई असेल, चुलतभावाला उभा करा. मुलगी म्हणाली, “मग लाह्या कमी पडल्या तरी चालतील, भाऊ बदलणार नाही.” भटजी शहाणे. त्यांनी दादाला आधीच बोलावून सूप कसं धरायचं, किती घालायच्या, हे हात धरून दाखवलं आणि त्याच्याकडून दोनदा करून घेतलं. प्रत्यक्षात त्यानं लाह्या इतक्या सावकाश आणि मोजून घातल्या की एकही खाली पडली नाही. कान मात्र जोरात पिळला. पाकीट हातात पडल्यावरही सोडेना, ते उघडून पाहिलं आणि मगच सोडला.

जेवणं झाली. खतखतं आणि मणगणं दोन्ही उत्तम होती, हे आचाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो. मग नवरीनं माईक मागून घेतला. आमच्याकडे लग्नात भाषणाची पद्धत नाही. ख्रिस्तांव शेजाऱ्यांच्या लग्नात टोस्ट असतो, तो ऐकत आम्ही सगळे वाढलो. तिनंही तेच सांगितलं, “लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नातले टोस्ट ऐकले, आज माझ्या दादाचा टोस्ट मी करते. ग्लासात सोलकढी असली तरी चालेल.”

डाऊन सिंड्रोमचं तिनं एका वाक्यात उरकलं. माणसाच्या पेशीत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, दादाच्यात तीन आहेत, आणि आता दादाचं ऐका. मग सांगितलं ते असं. दादाला देवमाणूस म्हणू नका, तो रमीत पत्ते मांडीखाली लपवतो. त्याला थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. ती तो स्वतः घेतो आणि मग आईची रक्तदाबाची गोळी तिच्या हातावर ठेवून, ती गिळेपर्यंत समोर उभा राहतो. माझं प्रेमप्रकरण घरात पहिल्यांदा फोडलं ते यानंच. माझ्या मोबाइलवरचा फोटो बाबांना नेऊन दाखवला आणि म्हणाला, “पाव्हणो.” तेव्हा आज ज्यांना जेवण आवडलं त्यांनी दादाचे आभार मानावेत, आणि ज्यांना आवडलं नाही त्यांनीही त्यालाच सांगावं.

सभागृह हसत होतं. मग ती नवऱ्याकडे वळली. म्हणाली, “दादाला प्रश्न विचारला की त्याचं उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजावं लागतं. बहुतेक माणसं तीनवर दुसरा प्रश्न विचारतात, चारवर आईकडे बघतात आणि पाचवर स्वतःच उत्तर देतात. हे पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा यांनी दादाला विचारलं, तुम्हाला कसलं नाटक आवडतं? दादा गप्प. मी मनात मोजत होते. हे तसेच बसून होते, दादाकडेच बघत. आईनं चहा पुढे केला, तो यांनी हातात घेतला पण नजर हलवली नाही. मग दादा म्हणाला, ज्यात लढाई असते तें. यांनी विचारलं, तलवारीची की गदेची? आणि पुन्हा थांबले. माझं लग्न तिथंच ठरलं. पत्रिका नंतर जुळली.”

इथं माझं काय झालं ते सांगायला नको. मागची पोरं मात्र या वेळी हसली नाहीत, तीही डोळे चोळत होती.

या भाषणात कुठं कीव नव्हती ती आपोआप नव्हे. त्यामागची खटपट मला तिच्या आईकडून कळली. लिहून झाल्यावर तिनं ते दादाला वाचून दाखवलं, एकेक गोष्ट वेगळी करून, आणि विचारलं, ही सांगू का? रमीतल्या लबाडीला त्यानं हसत मान डोलावली. एका गोष्टीला नको म्हणाला. ती होती लहानपणीच्या हृदयाच्या ऑपरेशनची. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, दादालाही होता. तीच गोष्ट ऐकून लोक हमखास रडले असते. तो म्हणाला, “ती नाका. ती दोतोराची.” डॉक्टरची गोष्ट, माझी नव्हे. तिनं तिथल्या तिथं काट मारली.

शेवटी दादाचं स्वतःचं एक वाक्य होतं. त्याचा उच्चार नव्या माणसाला पटकन कळत नाही, जिभेचे आणि ओठांचे स्नायू सैल असतात म्हणून. शिवाय त्याला एका कानानं कमी ऐकू येतं. रिकाम्या सभागृहात तालीम केली तेव्हा स्पीकरमधून आपलाच आवाज घुमून आल्यावर तो गोंधळला होता आणि माईक खाली ठेवून चालू लागला होता. साउंडवाल्यांनी स्पीकर पुढे सरकवून तोंड लोकांकडे केलं, घुमारा काढून टाकला आणि माईक त्याच्या हनुवटीला टेकवून किती जवळ धरायचा ते दाखवलं. आईनं एका पत्त्यावर दोन चित्रं काढून दिली, एक मुलीचं आणि एक कानाचं. ती बघून दादा बोलला, “म्हजी भयण हुशार. पूण कान हांवें पिळ्ळो.” ओळीतलं प्रत्येक अक्षर मागच्या भिंतीपर्यंत कळलं.

निवेदकांना मात्र राहवलं नाही. त्यांनी लगेच माईक घेऊन “अशा मुलांना सांभाळणाऱ्या आई-वडिलांना वंदन” वगैरे सुरू केलं. पुढच्या रांगेतून दादाची आईच म्हणाली, “आता पुरे, आइस्क्रीम वितळतंय.” 

आता आभार. गेल्या वर्षीच्या अहवालात नावं छापली तर दोन राहिली आणि दोन घरांत रुसवे झाले. म्हणून यंदा नावं नाहीत, कामं लिहितो. मंडप सोमवारपर्यंत भाडं न वाढवता ठेवणारे मंडपवाले. साउंडवाले, वर लिहिलंच आहे. जनरेटरवाले मामा, वीज दोनदा गेली आणि कुणाला कळलंही नाही. लाह्या भाजून आणणाऱ्या वरच्या वाड्यावरच्या काकी. रविवारी घुमट-शामेळाची आरती करून सोमवारी पुन्हा वाजवायला आलेले आरतीवाले. पत्रिकांच्या घड्या घालून, पाकिटात भरून घरोघर पोचवणारा स्वतः दादा. वाढपी मुलं. शेजारच्या ख्रिस्तांव घरातली आजी, जिनं टोस्टला उभं कसं राहायचं ते नवरीला शिकवलं. पार्किंगला उन्हात उभे राहिलेले दोघे. भांडी घासणाऱ्या बायका, ज्यांनी भाषण खिडकीतून ऐकलं. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी आत खुर्च्या राखून ठेवायच्या असं ठरलं आहे. आणि झाडलोट करणारे, त्यांना मी दरवर्षी शेवटी लिहितो आणि ते दरवर्षी तसं बोलून दाखवतात.

कार्यकारिणीतले चौघे जेवून भाषणाच्या आधी निघून गेले. लंडनला असलेली आमची पोरं व्हिडिओ कॉलवर शेवटपर्यंत होती, हे त्या चौघांनी लक्षात घ्यावं.

यंदाच्या नाटकाच्या तालमी चतुर्थीनंतर सुरू होतील. पडदा दादाकडे. नाटकात लढाई आहे का, असं त्यानं विचारून झालं आहे. आहे. जावईबापू डिचोलीहून येऊन एक छोटी भूमिका करायला तयार आहेत. त्यांना गदा हवी की तलवार ते अजून ठरायचं आहे.