आमची वाटचाल : पाच लाख प्रेक्षकांपासून बारा गावांपर्यंत

आमचं ऑफिस म्हणजे छत्रपती संभाजीनगरला जुन्या इमारतीत दोन खोल्या. मी आणि नवरा, आम्ही दोघांनी 2012 साली सुरुवात केली तेव्हा लग्नाचं शूटिंग हाच धंदा होता. मग पतसंस्थांच्या रौप्यमहोत्सवी फिल्म, मग सामाजिक संस्थांचे वार्षिक अहवाल व्हिडिओच्या रूपात. पोट भरत होतं. माहितीपट करायचा हे दोघांच्याही डोक्यात होतं, पण पैसा कुणाचा, हा प्रश्न कायम आडवा यायचा. तो प्रश्न कसा सुटला, त्यातला एक तुकडा इथे सांगते. बाकीची दहा वर्षं फारशी सांगण्यासारखी नाहीत.

विषय बीडच्या ऊसतोड बायकांचा. धारूर, केज, वडवणी भागातून जोडपी दसरा-दिवाळीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा झाला तर दंड. पाळी, अंगावरून जाणं, पोटदुखी या सगळ्यावर औषध म्हणून गर्भाची पिशवी काढून टाकणं. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. शूटिंगचे दोन हंगाम आम्ही पदरचे पैसे घालून केले आणि तिसऱ्या हंगामासाठी एका निधीकडे अर्ज टाकला.

अर्जात दिग्दर्शकाचं निवेदन, नमुना फुटेज, बजेट हे सगळं आम्ही जीव लावून केलं. शेवटी ‘परिणाम आणि वितरण’ असा एक रकाना होता. तो मी शेवटच्या रात्री अर्ध्या पानात उरकला. ‘या चित्रपटामुळे समाजात जागृती होईल. महोत्सवांत दाखवू, ओटीटीवर देऊ, यूट्यूबवर पाच लाख प्रेक्षकांपर्यंत पोचवू.’ 13,861 चा आकडाही तिथे पुन्हा घातला, कारण वजनदार वाटत होता.

नकार आला, पण सोबत निवड समितीतल्या कुणाचे तरी तीन प्रश्न होते. चित्रपट नेमका कोण पाहणार? पाहिल्यावर त्यांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं? आणि यूट्यूबवर गेल्यावर चित्रपटातल्या बाईचं काय होणार?

पहिल्या दोन प्रश्नांवर मी चिडले. तिसऱ्यावर गप्प बसले. आमच्याकडे प्रत्येकीची सहमती होती, कागदावर सही किंवा अंगठा होता. पण त्या कागदावर ‘चित्रपट कुठेही दाखवण्यास हरकत नाही’ असं एकच सरसकट वाक्य होतं. जिला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाची उचल घ्यायची आहे, तिच्यासाठी ‘कुठेही’ या शब्दात तिचं गाव, तिचा दीर, तिचा मुकादम हे सगळे येतात. आम्ही ते कधी बोललोच नव्हतो.

म्हणून दुसऱ्या अर्जाची सुरुवात कीबोर्डवर झाली नाही. मी चित्रपटातल्या सातही बायकांकडे, एकेकीकडे वेगवेगळी जाऊन बसले. एका कागदावर तीन चित्रं काढली होती : परदेशातलं किंवा मुंबई-पुण्याचं थिएटर, गावातली शाळा आणि मोबाईल. कुठे दाखवलं तर चालेल, तिथे बोट ठेवायचं. थिएटरवर सातही जणींनी ठेवलं. गावातल्या शाळेवर दोघींनी. मोबाईलवर एकीनेही नाही. एक मावशी म्हणाल्या, “तिकडं विलायतेत दाखीव की गं, तिथं मला कोन वळखतंय? हितं फोनवर आलं म्हंजे माज्या जावंचा पोरगा आदी बगंल.”

त्या दुपारी आमचं वितरणाचं पान खरं तर लिहून झालं. यूट्यूब गेलं. ओटीटीही गेलं, कारण तिथलं सगळं शेवटी फोनवरच येतं. आणि अडचण अशी की ज्या गावांसाठी चित्रपट करतोय तिथेच तो पूर्ण दाखवता येत नव्हता. मग आम्ही दोन आवृत्त्या मांडल्या. 70 मिनिटांची पूर्ण आवृत्ती महोत्सव, फिल्म सोसायट्या, वैद्यकीय महाविद्यालयं आणि समाजकार्याचे अभ्यासक्रम यांच्यासाठी. 22 मिनिटांची दुसरी फक्त गावांसाठी. तिच्यात गावात चेहरा दाखवायला तयार असलेल्या दोघीच, बाकी आशाताई, सरकारी डॉक्टर आणि तपासणी कुठे, कशी होते ते. गावच्या खेळात कुणीतरी फोन काढून शूट करणारच, ते थांबवता येत नाही. तेव्हा त्या आवृत्तीचं कलम अर्जात आम्ही असं लिहिलं : बाहेर गेलं तरी कुणाला इजा होणार नाही, एवढंच यात असेल.

आता पहिला प्रश्न. ‘सर्वसामान्य प्रेक्षक’ हा शब्द खोडला आणि बारा गावांची नावं लिहिली. का बारा, याचं उत्तर साधं होतं. त्या बारा गावांतल्या आशाताई आमच्या ओळखीच्या होत्या आणि खेळानंतर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे कुणीतरी राहणार होतं. आम्ही प्रोजेक्टर गुंडाळून निघून जातो, ती जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त घाम काढला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘शस्त्रक्रियांचं प्रमाण घटेल’. आमची एडिटर म्हणाली, “आणि नाही घटलं तर? किंवा घटलं, पण सरकारी नियमामुळे घटलं, तर ते आपलं कसं?” बरोबर होतं. बीडमध्ये 2019 नंतर खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. आकडा कमी-जास्त व्हायला अशी दहा कारणं असतात. बावीस मिनिटांच्या फिल्मने त्याचं श्रेय घेणं म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडलं म्हणण्यासारखं.

मग आम्ही इतकं खाली उतरलो, जिथे आमचा हात पोचतो. शूटिंगमध्ये लक्षात आलं होतं की या परवानगीबद्दल बायकांना माहीतच नाही. डॉक्टर म्हणाले ‘काढावी लागेल’, की काढली. म्हणून परिणाम एकच लिहिला : या गावांतल्या बाईला माहीत असेल की परवानगी लागते, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला सरकारी रुग्णालयात कुठे जायचं. मोजायचं कसं? खेळाआधी प्रत्येक गावात दहा घरी दोन प्रश्न विचारायचे, आणि तीन महिन्यांनी त्याच दहा घरी पुन्हा तेच दोन. एकशे वीस घरं म्हणजे काही सर्वेक्षण नव्हे, तसं आम्ही अर्जात स्पष्ट लिहिलं.

इथेच वेळापत्रक आडवं आलं. पहिल्या अर्जात मी सगळं महोत्सवांच्या कॅलेंडरवर बेतलं होतं : नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमचा महोत्सव झाला की डिसेंबरपासून गावं. पण डिसेंबरमध्ये या गावांत म्हातारी माणसं आणि कुलपं असतात. जिच्यासाठी खेळ, ती कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात. कारखान्याच्या तळावर, पालांमध्ये दाखवायचं मनात आलं, पण कारखान्याच्या जागेवर कारखान्याला न विचारता कसं दाखवणार, आणि विचारलं तर काय उत्तर येणार! ते कलम काढून टाकलं. गावचे खेळ मे ते मध्य जून, दुसरी भेट सप्टेंबर, म्हणजे टोळ्या निघायच्या आत. हंगाम आधी लिहिला, महोत्सव नंतर बसवले.

त्यातही एक खाच होती. मोठ्या महोत्सवांना चित्रपट आधी कुठे जाहीरपणे दाखवलेला नको असतो. गावची आवृत्ती वेगळी, वेगळ्या नावाची, त्यामुळे पूर्ण चित्रपटाचा प्रीमियर शाबूत राहतो, असं आम्ही लिहिलं. शिवाय एखाद्या महोत्सवाने यालाही हरकत घेतली तर आम्ही गाव सोडणार नाही, महोत्सव सोडू, हेही लिहिलं. पुढे एखाद्या वाहिनीशी करार झालाच तर गाव, शाळा-कॉलेज आणि संस्थांमधले खेळ आमच्याकडेच राहतील, अशी अटही आधीच घातली. सगळे हक्क एकदा देऊन बसलं की स्वतःचाच चित्रपट शाळेत दाखवायला परवानगी मागावी लागते. आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र. महोत्सवांना सूट मिळते, गावातल्या जाहीर खेळाला तसं गृहीत धरता येत नाही. दोन आवृत्त्या म्हणजे दोन अर्ज, दोन फिया. पहिल्या बजेटमध्ये हा खर्च शून्य होता.

बजेटचं पान मग आपोआप बदललं. एका खेळाचा खर्च असा मांडला : प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर 2,500, जनरेटर डिझेलसह 1,500, गाडी 2,000, स्थानिक मदतनिसाचं मानधन 1,500. एकूण 7,500. बारा गावांचे 90,000. सप्टेंबरच्या भेटीला गावामागे 3,000, म्हणजे 36,000. जनरेटरच्या ओळीला तळटीप द्यावी लागली. संध्याकाळी मंदिरासमोर पडदा लावला तर पुरुष पुढे बसतात आणि बायका या विषयावर तोंड उघडत नाहीत. म्हणून खेळ दुपारी दोनला, शाळेच्या वर्गात. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, वर्ग मोकळे. अंधार करायला खिडक्यांना गोधड्या, आणि दुपारची वीज भरवशाची नसते म्हणून जनरेटर. ही तळटीप नंतर समितीतल्या एका बाईंनी मुलाखतीत वाचून दाखवली. मला वाटलं, आता कापतात.

कापलं ते वेगळंच. आम्ही परदेश प्रवासासाठी 1,20,000 मागितले होते, ती सगळी ओळ गेली. जनरेटर राहिला. मंजुरीच्या पत्रात एक अट जोडून आली : अंतिम संकलन लॉक करण्याआधी सातही जणींना पूर्ण चित्रपट दाखवायचा, तीन चित्रांचा कागद पुन्हा समोर ठेवायचा आणि कुणी बोट हलवलं तर त्याप्रमाणे कापायचं. त्यासाठी संकलनाचे दहा दिवस आणि त्याचे पैसे त्यांनी स्वतःहून धरले होते. आमच्या डोक्यात ते आलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी टोळ्या परतल्यावर आमच्याच ऑफिसात, पडदे ओढून, ते झालं. मावशींनी विलायतेवरचं बोट तसंच ठेवलं. आधी गावासाठी तयार असलेल्या दोघींपैकी एकीने मात्र शाळेच्या चित्रावरून बोट काढून घेतलं. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं. 22 मिनिटांची आवृत्ती आता 19 मिनिटांची झाली आहे. पहिला खेळ येत्या मंगळवारी, जनरेटरवाल्याला बयाणा दिलाय, गोधड्या आशाताई गोळा करणार आहेत.