ण पाशी अडलेली कविता

"ण वगळ की, कोण मोजतंय?" मैत्रीण सहज म्हणाली. स्पर्धेचा नियम मात्र स्पष्ट आहे: प्रत्येक कडवं वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू व्हावं. आणि ण ने सुरू होणारा शब्द काही सापडत नाही.

क ते ढ सुरळीत गेलं, म्हणजे ङ आणि ञ सोडून. त्या दोघांना मी सरळ पात्रं करून बोलायला लावलं. पण तीच युक्ती तिसऱ्यांदा? परीक्षक जांभई देतील.

मग शब्दच तोडला. ढ च्या कडव्याची शेवटची ओळ:

ढगाआडून सुटला बा–

आणि पुढचं कडवं:

ण, थरारलं सारं रान

कागदावर झकास! मोठ्याने वाचलं तर 'बाण' सलग ऐकू येतो, नवं कडवं कळतच नाही. वाचताना मध्ये थांबावं, तर बाण अर्ध्यातच पडतो.

शेवटी ळ आहेच. तिथे तुम्ही काय केलं असतं?