तुम्ही विचारलंत म्हणून: पेमेंट होल्डची नोट

"दोन ओळींची तर नोट. 'कागद द्या, पैसे न्या' एवढंच लिहायचं, त्यात तुम्ही इतका वेळ काय घासत बसता?"

शिरोलीतल्या ज्या फाउंड्रीत मी आधी अकाउंट्सला होते तिथं अशीच नोट जायची: 'कंप्लायन्स डॉक्युमेंट्स पेंडिंग, पेमेंट होल्ड.' फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामाच्या ठेकेदाराला ती गेली, त्यानं पीएफची ईसीआर शीट, म्हणजे कोणाचा किती पीएफ याची यादी पाठवली, परत तीच नोट गेली, मग त्यानं ईएसआयचं चलन, हजेरीचं मस्टर, लायसन, जे हाताला लागलं ते सगळं पाठवलं आणि तरी परत तीच नोट. शेवटी माणूस गेटवर येऊन उभा. "मॅडम, नेमकं काय राहिलंय ते तरी सांगा, पोरं पगारासाठी दारात बसल्यात." राहिली होती पीएफचे पैसे भरल्याची पावती. ईसीआर अपलोड केला की चलन तयार होतं, टीआरआरएन नंबर पडतो, पण पैसे भरलेत हे त्यावरनं कळत नाही. तो शीटलाच पुरावा समजत होता. शिवाय मस्टरवर 14 माणसं आणि ईसीआरमध्ये 11. हे आत सगळ्यांना माहीत होतं, नोटेत मात्र एक अक्षर नाही. त्याचा तो चेहरा अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

म्हणून आता मी असं लिहिते:

"नमस्कार. आपलं ऑगस्टचं बिल मिळालं, काम तपासून मान्य आहे. मस्टर आणि ईएसआय चलन मिळालं, ते बरोबर आहे. दोन गोष्टी बाकी आहेत: ऑगस्टच्या पीएफची पैसे भरल्याची पावती, आणि मस्टरवरची तीन नावं ईसीआरमध्ये का नाहीत याचा खुलासा. तोपर्यंत हे एकच बिल थांबवलं आहे. दोन्ही मिळून तपासलं की पुढच्या शुक्रवारच्या पेमेंटमध्ये घेऊ. अडचण असल्यास मला फोन करा."

'खुलासा' हा शब्द मुद्दाम आहे. आधीपासून पीएफ सदस्य नसलेला माणूस 15,000 च्या वर पगारावर लागला तर त्याचं नाव नसणं नियमातही बसू शकतं, मग आधीच चोर का ठरवायचं?

आणि हो, थांबवावं लागतंच, ठेकेदारानं पीएफ नाही भरला तर वसुली मूळ मालकाकडनं, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीकडनं होऊ शकते. पूर्वी मी म्हणायचे, सगळंच बिल अडवा, त्याशिवाय पावती येत नाही. आता वाटतं मजुरीचा भाग सोडावा, पीएफपुरती रक्कम आणि ठेकेदाराचं कमिशन ठेवावं. पण तसं केलं की काही ठेकेदार पावतीचं नावच काढत नाहीत, हेही बघितलंय. शिवाय उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायचं असतं, आणि कागद अपुरे हे कारण तिथं चालेलच असं नाही. साहेबांशी यावर माझा वाद सुरूच आहे.