सात मेसेज, पाच ग्राहक आणि एक ‘एक्स्पोर्ट’

‘एक्स्पोर्टमुळे परत एक डील अडकली. कधी होणार हे?’

सेल्सच्या ग्रुपवर हा मेसेज पडला तेव्हा त्याखाली लगेच चार अंगठे उमटले. तीन आठवड्यांतला याच विषयावरचा हा सातवा मेसेज. आमचं सॉफ्टवेअर गोदामातल्या मालाची नोंद ठेवतं, आणि मालाची यादी एक्सेलमध्ये काढून घ्यायचं बटण त्यात पहिल्यापासून आहे. त्यामुळे बैठकीत जे व्हायचं तेच झालं. सेल्सचे प्रमुख म्हणाले, “सगळेच एक्स्पोर्ट मागतायत.” प्रॉडक्टवाले म्हणाले, “एक्स्पोर्ट आहे की!” एका बाजूला वाटलं, यांना ग्राहक कळत नाही, दुसऱ्या बाजूला वाटलं, यांना आपलंच सॉफ्टवेअर माहीत नाही. हे सातही मेसेज मग माझ्याकडे आले. सेल्सच्या गप्पांतून प्रॉडक्ट टीमसाठी टिपणं काढणं हे माझं काम.

मेसेज उचलून शीटमध्ये चिकटवायचे, विषयाचं लेबल लावायचं, झालं टिपण, असं बाहेरून वाटतं. तसं केलं असतं तर शीटमध्ये ‘एक्स्पोर्ट: ७’ अशी ओळ आली असती आणि प्रॉडक्ट टीमने नवं एक्स्पोर्ट बांधायला घेतलं असतं. पाचांपैकी दोन ग्राहकांना त्याने काडीचाही फरक पडला नसता.

आधी मोजणी. मेसेज मोजायचे नाहीत, ग्राहक मोजायचे. प्रत्येक मेसेजसमोर मी सीआरएममधून, म्हणजे ग्राहकांच्या आणि डीलच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधून, ग्राहकाचं नाव लिहायला घेतलं. एका मेसेजला नावच सापडेना. त्यात फक्त ‘माझ्याकडेपण सेम’ एवढंच होतं. फोन केला तर उत्तर आलं, “अहो, तो मी त्याला पाठिंबा म्हणून टाकला होता. तसा माझ्याकडे आत्ता कोणी नाही.” दोन मेसेज एकाच ग्राहकाचे निघाले: एक डील सांभाळणाऱ्याने लिहिलेला, दुसरा त्याच भेटीत डेमो देणाऱ्याने. सातांचे राहिले पाच. ‘सगळेच मागतायत’ हे वाक्य ऐकलं की मी आता थेट विचारते, शेवटचे दोन कोण? बहुतेक वेळा दुसरं नाव आठवायला वेळ लागतो. यात खोटेपणा नसतो. कालची अडकलेली डील डोळ्यांसमोर असते, म्हणून ती दहा जणांएवढी मोठी दिसते.

नाव सापडलं की फोन. फॉर्म पाठवून पाहिला होता, पण विक्री करणारा माणूस फॉर्म भरतो तो सुटका करून घ्यायला. फोनवर मी तीनच प्रश्न विचारते. ग्राहक कोणत्या शब्दांत बोलला? तेव्हा समोर काय चालू होतं, कोणता पडदा, कोणतं काम? आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात? ‘का’ हा प्रश्न मी मुद्दाम टाळते. ‘का अडलं’ विचारलं की सिद्धांत ऐकायला मिळतो, ‘काय झालं’ विचारलं की घटना. हा फोन शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत व्हावा लागतो. त्यानंतर ग्राहकाचे शब्द विरघळतात आणि त्या जागी आमच्याच ऑफिसातले शब्द येऊन बसतात.

या वेळी गाठ सोडवली ती तिसऱ्या प्रश्नाने. पाचांपैकी दोन ग्राहकांच्या बाबतीत उत्तर आलं, “मी म्हणालो, ते रोडमॅपवर आहे.” जे आहे ते रोडमॅपवर, म्हणजे पुढे बनवायच्या गोष्टींच्या यादीत, कसं? म्हटलं, तुमचा डेमो जसा देता तसाच मला दाखवा. त्याने पडदा उघडला, मालाच्या यादीवर गेला, आणि खरंच, बटण नव्हतं. डेमोच्या लॉगिनला `demo_viewer` हा रोल होता. नमुन्याचा डेटा कोणी उचलून नेऊ नये म्हणून मागे कधीतरी त्या रोलची एक्स्पोर्टची परवानगी काढलेली होती. परवानगी नसली की आमचं बटण फिकं होत नाही, नाहीसंच होतं. ग्राहक विचारतो, यादी बाहेर काढता येते का. विकणाऱ्याला बटण दिसत नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो, येईल लवकरच. म्हणजे ही हरकत आम्ही स्वतःच तयार करून ग्राहकाच्या हातात दिली होती. दुरुस्ती पाच मिनिटांची, तीही रोलच्या सेटिंगमध्ये.

तिसरा ग्राहक खरा अडला होता, पण वेगळ्याच जागी. त्याच्या हिशेबनिसाचे शब्द नशिबाने विकणाऱ्याने वहीत जसेच्या तसे लिहिले होते: “फाइल निघते हो, पण आमचे कोड खराब होतात.” आमचं एक्स्पोर्ट सीएसव्ही फाइल देतं, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात मालाचा कोड `00412` असाच असतो. ती फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल त्याला संख्या समजतं, पुढची शून्यं गळतात आणि `412` उरतं. तेरा अंकी बारकोडचं तर `8.90123E+12` असं काहीतरी दिसतं. आतला आकडा तोवर शाबूत असतो, पण माणूस तीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह करतो, तेव्हा जे दिसतं तेच फाइलमध्ये जातं आणि खरा बारकोड कायमचा हरवतो. आमच्या टेस्टिंगला हे कधी दिसलं नाही, कारण तिथे फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघतात. सीएसव्हीच्या जोडीला एक्सेलची स्वतःची फाइल द्यायची आणि त्यात कोडच्या कॉलमला मजकुराचं स्वरूप द्यायचं, एवढ्यावर हे सुटतं.

पण टिपणात मी हा उपाय लिहिला नाही. उपाय लिहिला की चर्चा उपायावर सुरू होते आणि अडचण मागे पडते. ते टिपण असं गेलं:

```
ग्राहकाचे शब्द : “फाइल निघते हो, पण आमचे कोड खराब होतात.”
बोलणारा       : हिशेबनीस (रोज वापरणार; खरेदीचा निर्णय मालकाचा)
काम           : महिनाअखेर साठ्याची यादी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणे
काय बिघडतं    : एक्सेलमध्ये उघडल्यावर कोडची पुढची शून्यं जातात
सध्याची पळवाट  : दर महिन्याला कोड हाताने दुरुस्त करणे
आमचं उत्तर    : “टीमला कळवतो.” ग्राहकाचं समाधान नाही
डील           : चालू, थांबलेली
आमचा अंदाज    : सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडल्यामुळे
खात्री         : पक्की, इथे करून पाहिलं
```

यात ‘बोलणारा’ आणि ‘सध्याची पळवाट’ या दोन ओळींवर मी अडून बसते. हिशेबनिसाची तक्रार आणि मालकाची तक्रार एकाच मापाने मोजता येत नाही. आणि पळवाट हा त्रासाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा: जो माणूस दर महिन्याला बसून हाताने शून्यं भरतो, त्याला खरंच दुखतंय. ‘असतं तर बरं झालं असतं’ म्हणणाऱ्याकडे बहुधा पळवाट नसते, कारण ते काम तो करतच नसतो. ‘आमचा अंदाज’ वेगळ्या ओळीत ठेवण्यावरून माझी सेल्सशी नेहमी वाजते. त्यांना अंदाज म्हणजे अनुभव वाटतो. असेलही, पण तो ग्राहकाच्या वाक्यात कालवला की मग कोणालाच वेगळा काढता येत नाही.

चौथ्या ग्राहकाकडे भेटीला गेलेला माणूस तोवर रजेवर होता आणि सीआरएममध्ये फक्त ‘एक्स्पोर्ट इश्यू’ एवढीच नोंद होती. ते टिपण ‘अपुरं’ म्हणून बाजूला ठेवलं आणि मोजणीत धरलं नाही. प्रमुखांना ते आवडलं नाही.

सीआरएमचा विषय निघालाच आहे तर सांगते. डील गेल्यावर कारण निवडायची आमच्याकडे जी यादी उघडते तिच्यात सगळ्यात वर ‘किंमत’ आहे आणि काहीतरी निवडल्याशिवाय पान बंद होत नाही. त्यामुळे आमच्या नोंदींप्रमाणे अर्ध्याहून जास्त डील किमतीमुळे जातात. ‘महाग वाटतं’ हे नाही म्हणायचं सभ्य वाक्य आहे, ग्राहकालाही सोपं आणि विकणाऱ्यालाही, कारण किंमत त्याने ठरवलेली नसते. ती यादी दर वेळी उलटसुलट क्रमाने दाखवा, असं मी दोनदा लिहून दिलंय.

राहिला पाचवा, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यामुळेच. ग्रुपवर मेसेज होता, ‘डेटा बाहेर काढता येईल का विचारतोय, एक्स्पोर्टचं बघा.’ माझा फोन चौथ्या दिवशी गेला. विकणारा म्हणाला, “त्याला भीती आहे हो, उद्या आपलं सॉफ्टवेअर सोडलं तर डेटा अडकेल. बाकी काही नाही.” नेमके शब्द विचारले तर म्हणाला, साधारण असंच काहीतरी. मी टिपणात लिहिलं: अडकून पडण्याची भीती, सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही, सोडताना डेटा परत मिळेल हे करारात स्पष्ट लिहावं. प्रॉडक्ट टीमने ते बंद केलं. माझ्याच शिफारशीवरून. करारात ओळ आली, ग्राहकाला दाखवली, तो हो म्हणाला आणि महिन्याभराने दुसरीकडे गेला.

डील गेल्यावर मी एक फोन स्वतः करते, विकणारा मध्ये न ठेवता. तो ग्राहक शांतपणे म्हणाला, “मला जुन्या नोंदी हव्या होत्या. कोणता माल कधी आला, कोणी बाहेर काढला. तुमच्या फाइलमध्ये आजचा साठा तेवढा येतो.”

खरंच तेवढाच येतो. हालचालींचा इतिहास पडद्यावर दिसतो, फाइलमध्ये उतरत नाही. म्हणजे सात मेसेजमागे सॉफ्टवेअरमध्ये खरोखर नसलेली एक गोष्ट होती, आणि नेमकं तेच टिपण ‘सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही’ म्हणून मी बंद करवून घेतलं. ‘ग्राहकाचे शब्द’ या ओळीत मी विकणाऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत घातले होते. त्यामुळे ते ग्राहकाचे दिसले. मलासुद्धा.

आता त्या ओळीपुढे एक खूण असते: ‘ऐकलेले’ म्हणजे ग्राहकाच्याच तोंडचे शब्द, ‘सांगितलेले’ म्हणजे विकणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगितलेले. ‘सांगितलेले’ असेल तर ते टिपण ग्राहकाशी एकदा बोलल्याशिवाय बंद करता येत नाही. सेल्सला हे फारसं पसंत नाही. चालू डीलमध्ये प्रॉडक्टच्या बाजूचा कोणी मध्येच फोन करतो म्हणजे व्यत्यय, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. दोनदा माझ्या फोनमुळे ग्राहकाला वाटलं की जे विचारलं ते आता बनणारच. या खुणेवर अजून वाद चालू आहे. इतिहासाच्या फाइलचं टिपण मी पुन्हा उघडलंय, ग्राहक: १, डील: गेलेली. ज्या रांगेत डील चालू असलेली टिपणं आधी घेतात, त्या रांगेत ते शेवटून दुसरं आहे.