नातीला पहिलं पत्र लिहिताना

आमच्याकडे पाचवीच्या रात्री पाटा-वरवंट्याची पूजा मांडतात आणि शेजारी कोरा कागद नि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं मानतात. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, त्यामुळे ही पूजा यंदा माझ्या हातून झाली. कागद मांडताना वाटलं, सटवाई तिचं लिहील, पण या मुलीला मलाही काही सांगायचंय. बारशाच्या आत पत्र पुरं करायचं असं तेव्हाच ठरवलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं. ‘खरं बोलावे, कष्ट करावे, मोठ्यांचा मान राखावा’ असली वाक्यं मी स्वतः फळ्यावर रोज लिहिली आहेत. ती नातीलाही तिच्या शाळेत मिळतीलच. म्हणून पत्रापुरता एक नियम केला: जो संस्कार सांगायचा त्याच्यामागे आपल्या घरात घडलेला प्रसंग हवा. कुठे, कोणत्या साली, तिथे कोण होतं, हे सांगता आलं तरच लिहायचं. या चाळणीतून फार थोडं उरलं, आणि तेवढंच पुरेसं होतं.

आधी बसले ती घराण्याची यादी करायला. मुलीची मुलगी, म्हणजे आडनाव वेगळं. आमच्याकडच्या वंशावळीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सगळे सापडतात. बायका सापडत नाहीत. त्यातून लग्नात आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलायची रीत. माझ्या आईचं माहेरचं नाव माझ्या लेकीलाही ठाऊक नव्हतं. म्हणून पहिल्या पानावर बाळाकडून मागे मागे जात फक्त आयांची ओळ लिहिली: तू, तुझी आई, मी, माझी आई, तिची आई. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं. माझ्या आजीच्या आईपाशी ओळ थांबली. करमाळ्याकडच्या एका मावशीला फोन केला तेव्हा तिचं गाव कळलं. नाव सांगू शकणारं आता कोणी उरलेलं नाही, तिथे जागा कोरी सोडली.

मग मुख्य पत्र. नाव ठेवायचं होतं, म्हणून मायना ‘चि. बाळास आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद’ असाच घातला. त्यातला मधला भाग असा आहे:

‘तू आलीस तेव्हा घरात सगळ्यांनी तुझी बोटं मोजली. लांब आहेत. माझ्या आईची अशीच होती, म्हणून तुला तिच्या हातांचं सांगते. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावातली सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. मी दहा वर्षांची होते. तुझ्या मामाआजोबाला झोळीत घालून मी बाभळीखाली बसायची. खायला सुकडी मिळायची, आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी. ती थापताना तुटायची. खडीचा ढीग मोजून पैसे मिळत. ढीग लहान, तर पैसे कमी.

आईच्या शेजारी एक बाई बसायची. तिचा नवरा गेलेला होता, पदरात दोन मुलं. एक दिवस हातोडी तिच्या बोटावर बसली. बोट काळंनिळं झालं, तरी ती डाव्या हातानं दगड फोडत राहिली. मुकादम मोजायला यायच्या आधी आईनं आपल्या ढिगातली पाटीभर खडी उचलली आणि तिच्या ढिगावर ओतली. मग दुसरी पाटी. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या आठवड्याचे पैसे कमी आले, तेव्हा वडील फार चिडले. आई म्हणाली, “तिचं बोट बरं होईस्तोवर.” त्या रात्री वडील जेवले नाहीत, हेही तुला सांगते. आपल्याच घरात खायला कमी असताना दुसऱ्याला देणं सोपं नसतं आणि घरातल्या सगळ्यांना ते पटतंच असं नाही. आपल्या घरात मदत करताना त्याची वाच्यता करत नाहीत, ती रीत इथून आली.

पैसे घेताना तुझी पणजी अंगठा द्यायची. शाईचं बोट ती लुगड्याला पुसायची नाही, मातीला पुसायची. पावसाळ्यात शाळा सुरू झाली तशी तिनं मला कामावर न्यायचं बंद केलं आणि तान्ह्या भावाला पाठीशी बांधून स्वतः गेली. मी लिहू शकते ते त्यामुळे.’

हा भाग लिहून झाल्यावर भावाला फोनवर वाचून दाखवला. तो तेव्हा झोळीत होता, पण आईनं त्याला पुढे किती तरी वेळा सांगितलेलं. तो म्हणाला, आईनं पंधरवडाभर खडी दिली. माझ्या आठवणीत ते उन्हाळाभर चाललं. यावर आमची बरीच ओढाताण झाली. शेवटी दोन्ही लिहिलं: ‘मी असं म्हणते, मामाआजोबा असं म्हणतात.’ घरच्या गोष्टी सांगता सांगता वाढतात. पत्र मात्र ती मोठी झाल्यावर पुरावा म्हणून वाचणार, तेव्हा त्यात दोघांचंही राहू दे. वडील जेवले नाहीत हे वाक्य काढ, असंही भावाचं म्हणणं होतं. ते मी काढलं नाही. वडिलांना कमी दाखवायचं म्हणून नव्हे. ते वाक्य गेलं तर आईनं काय किंमत मोजली तेच नातीला कळणार नाही.

ती हे सोळा-सतरा वर्षांनी वाचेल, बहुधा इंग्रजी शाळेत शिकून. म्हणून जोडाक्षरं सुटी, अक्षर मोठं आणि वाक्यं आखूड ठेवली. सुकडी, मिलो, मुकादम, पाटी या शब्दांचे अर्थ समासात लिहिले. शब्द बदलले नाहीत.

आता कागदाचं. वहीचं साधं पान काही वर्षांत पिवळं पडतं आणि घडीवर तुटतं, हे जुन्या हजेरीपटांवरून मला ठाऊक होतं. पुण्यातून सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मागवला. शाळेत वापरतात ती धुतली जाणारी निळी शाई पाण्याच्या एका थेंबानं पसरते आणि उजेडानं विटते. म्हणून पाण्यात न विरघळणारी काळी शाई घेतली आणि आधी एका तुकड्यावर लिहून, वाळवून, ओल्या बोटानं घासून पाहिली. जावई लॅमिनेशन करून आणतो म्हणाले. मी नको म्हटलं, कारण एकदा गरम प्लास्टिकमध्ये कागद चिकटला की तो कधी सोडवता येत नाही. पत्र घडी न घालता पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवलंय. दर पावसाळ्यानंतर काढून कसर लागली नाही ना, हे बघायची जबाबदारी लेकीनं घेतलीय. मोबाईलवर फोटो काढून ठेवला आहे, तो वेगळा.

बारशाला विहीणबाई आल्या, तेव्हा त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्यांचं घर चिपळूणकडचं. आयांची ओळ ऐकून त्या म्हणाल्या, “मग आमच्याकडच्या बायका कुठे लिहायच्या?” मी दुसरा कागद पुढे केला. त्यांना लिहायचा सराव राहिलेला नाही, म्हणून त्या सांगतात आणि मी लिहून घेते. त्यांच्या सासूबाईंपर्यंत आलोय. सध्या पुराच्या वर्षी घरातलं भाताचं बियाणं कसं वाचवलं ते चाललंय, आणि त्या मला एकही वाक्य आखडू देत नाहीत.