नवे सेल, तरी गाडी गोगलगाय

सोलापुरात नवी पेठेत माझं रिपेरिंगचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, टॉर्च हे रोजचं काम. जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठली की पुढचे काही आठवडे खेळणी सुरू होतात आणि त्यातली बहुतेक पाच मिनिटांत परत जातात. ही लाल रिमोटची गाडी मात्र गेली नाही.

आजोबा नातवाला घेऊन आले. "नवेच सेल टाकलेत की ओ, तरी पळंना." आधी दुसऱ्या एका दुकानात दाखवली होती. तिथं मोटर गेली म्हणून नवी मोटर घातली, पैसे घेतले, आणि गाडी होती तशीच. आमच्या लायनीत ही एक खोडच आहे. हळू चाललं की मोटर बदल. मीटर टेबलावर पडलेला असतो, पण उचलायचा कुणी?

रिमोट मी लगेच बाजूला ठेवला. त्यातले सेल उतरले तर गाडी लांबून ऐकत नाही, अडखळत ऐकते. जवळ उभं राहूनही सारखीच हळू चालत असेल, तर दोष गाडीतच शोधायचा.

गाडीत पेन्सिल सेल चार, एकामागे एक जोडलेले, म्हणजे 6 व्होल्ट. गाडी बंद ठेवून सेलबॉक्सच्या वायरींवर मीटर लावला तर 6.2 दाखवला. इथंच बरेच जण फसतात, कारण करंट वाहत नसताना अर्धमेला सेल आणि गंजलेली स्प्रिंगसुद्धा मीटरवर ठणठणीत दिसते. मी गाडी उलटी धरली, पोराला रिमोटची कांडी दाबून धरायला सांगितली आणि मागच्या चाकाला बोटानं हलका अडथळा दिला. 6.2 चे थेट 4 झाले.

मग एकेक सेल तसाच चालू गाडीत मोजला. दोन अल्कलाईन होते, त्यांनी 1.4 च्या आसपास तग धरला. दोन साधे, स्वस्तातले कार्बन-झिंकचे निघाले आणि ते 1.1 च्या खाली आले. आजोबा म्हणाले, "दोन घरात होते, दोन आणले. चारी नवेच आहेत." खरंच नवे होते, पण साध्या सेलचा आतला रोध जास्त. घड्याळाला लागतो तेवढा किरकोळ करंट तो महिनोन्महिने देईल, मोटरनं ओढ घेतली की बसतो. एका रांगेत असल्यामुळं करंट चौघांतून सारखाच जातो. दुबळे आधी रिकामे होतात, आणि गाडी चालूच ठेवली तर बाकीचे दोघे त्यांच्यातून जबरदस्तीनं करंट ढकलतात. मग ते उलटे भरतात, गळतात.

पण चार सेलची बेरीज 5 च्या जवळ येत होती, वायरींवर मात्र 4. एक व्होल्ट वाटेत कुठं जात होता? मीटरची एक टोकणी सेलच्या बुडाला, दुसरी स्प्रिंगला जोडलेल्या वायरीच्या टाक्यावर. सांधा चांगला असेल तर इथं जवळजवळ शून्य यायला हवं. कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर 0.6 आला, तिच्या शेजारच्या जोडपट्टीवर 0.3. हिशोब जुळला.

ती स्प्रिंग बाहेर काढली तर तळाशी पांढरी बुरशीसारखी पूड. मागच्या कुठल्यातरी अल्कलाईन सेलची गळती. निकेलचा मुलामा खाऊन आतलं लोखंड तांबूस झालेलं. वरून कुणीतरी चॉकलेटची चांदी कोंबलेली. ती ॲल्युमिनियमची असते आणि गळतीतला क्षार ॲल्युमिनियमलाच खातो, म्हणून दोन दिवस बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा वाईट.

पूड लाकडी काडीनं खरवडली, कापसाच्या बोळ्यानं थोडा व्हिनेगर फिरवला, मग स्पिरिटनं पुसून वाळवलं. जोडपट्टी एवढ्यानं उजळली. स्प्रिंगला पॉलिश पेपर मारला असता तर त्या दिवशी चाललीही असती, पण मुलामा गेलेलं लोखंड पुन्हा गंजतंच. भंगारातल्या एका खेळण्याची स्प्रिंग बसवली. टाका मारताना ती प्लॅस्टिकच्या खाचेतून आधी बाहेर काढायची, नाहीतर खाच वितळते आणि स्प्रिंग कायमची हलत राहते. वायरीचं टोकही आत हिरवं झालेलं, तेवढं कापून नवं सोललं.

त्याच मिसळ सेलांवर वायरींवर 4.9 आला आणि गाडी बरी पळाली. चारी अल्कलाईन घातल्यावर 5.6, पोरगं दुकानाबाहेर धावलं. आजोबांना रिचार्जेबल सेलचंही सांगितलं. त्यावर 1.2 लिहिलेलं बघून ते "कमीच की" म्हणाले. पण चांगला भरलेला तो सेल ओढ बसली तरी 1.2 च्या आसपास टिकतो, आणि साधा नवा सेल 1.1 च्या खाली येतो हे त्यांनी मीटरवर नुकतंच पाहिलं होतं. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. काढलेले दोन साधे सेल घड्याळात घाला म्हटलं, तर ते खिशात टाकून म्हणाले, "लागतील की गाडीला परत."

त्यांच्या त्या आधी बदललेल्या मोटरीचं मला अजून खटकतंय. जुनी तिथंच राहिली होती, नाहीतर तीही लावून बघितली असती.