107 रुपयांवरचा अर्धा पैसा

"डबलमध्ये पंधरा अंक अचूक राहतात, आपल्याला लागतात दोन दशांश. मग अडचण कुठे आहे?" आमचे टीम लीड हे इतक्या खात्रीने सांगायचे की आमच्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये रुपये-पैसे पहिल्यापासून डबलमध्येच होते. कुणी तपासायच्या फंदात पडलं नव्हतं. मग एका ग्राहकाच्या अकाउंटंटने 107 रुपयांच्या एका ओळीवर बोट ठेवलं. 5 टक्के जीएसटी, त्यातला सीजीएसटी अडीच टक्के, म्हणजे 2.675. अर्धा पैसा आला की वर धरायचा, ही त्यांची रीत. त्यांच्या वहीत 2.68, आमच्या छापील बिलावर 2.67.

सरांचा दावा साठवणीबद्दल होता, म्हणून आधी तोच तपासला. एक पैशापासून एक लाख रुपयांपर्यंतची प्रत्येक रक्कम, म्हणजे एक कोटी आकडे, डबलमध्ये टाकले, बाहेर काढले आणि दोन दशांशांवर आणून मूळ पैशांशी ताडून पाहिले. एकही चुकला नाही. सर हसले. त्यांचं चूक नव्हतंच: डबल खरी रक्कम धरत नाही, पण तिच्या इतकं जवळचं काही धरतो की पैशांवर आणताच मूळ आकडा परत मिळतो. दहा लाख कोटी रुपयांच्या आतल्या रकमांना हे लागू पडतं. (32 बिटांच्या फ्लोटला मात्र नाही. त्यात 1,31,072.01 आणि 1,31,072.02 या दोन्ही रकमा एकच होऊन बसतात.)

गडबड हिशेबात होती.

```python
>>> 107 * 2.5 / 100
2.675
>>> round(107 * 2.5 / 100, 2)
2.67
>>> from decimal import Decimal
>>> Decimal(107 * 2.5 / 100)
Decimal('2.67499999999999982236431605997495353221893310546875')
```

पहिल्या उत्तराने कुणीही फसेल. पायथन 2.675 छापतो तो फक्त त्या डबलची ओळख पटवणारा, सर्वांत कमी अंकांत लिहिलेला आकडा. आत असलेली संख्या अर्ध्या पैशाच्या किंचित खाली आहे, त्यामुळे ती 2.67 कडे जाणार हे उघडच. 2.675 म्हणजे 107 भागिले 40. छेदात 5 आला की बायनरीतला अपूर्णांक कधी संपत नाही, कुठेतरी तोडावाच लागतो. तोडताना तो खाली पडेल की वर, हे रकमेगणिक बदलतं. म्हणूनच ही चूक रोज दिसत नाही.

सरांनी उपाय सुचवला: गोल करण्याआधी बारीकशी रक्कम मिळवायची, 0.0000001 वगैरे. 107 वर तो चाललाही. मग त्याच बिलाची क्रेडिट नोट काढून पाहिली. -2.675 मध्ये ती बारीक रक्कम मिळवली की आकडा शून्याकडे सरकतो आणि उत्तर -2.67 येतं. बिल 2.68, उलट नोंद 2.67, आणि खात्यात एक पैसा कायमचा लटकलेला.

मला त्याहून रंजक वाटलं ते 105 रुपयांचं उदाहरण. अडीच टक्के म्हणजे 2.625. हा आकडा बायनरीत तंतोतंत बसतो, कारण तो 21 भागिले 8 आहे. तरी `round` ने 2.62 दिलं! इथे फ्लोटिंग पॉइंट निर्दोष आहे. बरोबर मध्यावर असलेली रक्कम पायथन जवळच्या सम अंकाकडे नेतो, अकाउंटंट वर नेतो. म्हणजे एकाच तक्रारीमागे दोन वेगळी कारणं होती, आणि नुसता डबल काढून टाकल्याने दुसरं सुटलं नसतं. गोल करायचा नियम स्वतः लिहावा लागणार होता.

शेवटी रक्कम पूर्णांक पैशांत आणि कराचा दर दहा हजारांश भागांत ठेवला:

```python
def kar(paise, dar):   # 2.5% = 250
    k = (abs(paise) * dar + 5000) // 10000
    return k if paise >= 0 else -k
```

`kar(10700, 250)` आता 268 देतं. `abs` मुद्दाम आहे, कारण पायथनचा `//` ऋण संख्येला शून्यापासून लांब, खाली नेतो.

जुना डेटा पैशांत आणताना खरी काळजी घ्यावी लागली. एका सहकाऱ्याने स्क्रिप्टमध्ये `int(x * 100)` लिहिलं होतं. 19.99 साठी तो गुणाकार 1998.9999999999998 येतो आणि `int` पुढचं सगळं कापून 1998 देतो. तिथे `round(x * 100)` केलं, आणि आधीच्या एक कोटी आकड्यांवर दोन्ही चालवून पाहिलं. `int` वाटेतच, 0.29 सारख्या किरकोळ रकमेवरही, घसरला. `round` कुठेच नाही.

अकाउंटंटना नवं बिल पाठवलं. सीजीएसटी 2.68 आणि एसजीएसटी 2.68, मिळून 5.36. त्यांनी लगेच विचारलं, 107 चे 5 टक्के तर 5.35 होतात ना? होतात. पण दोन्ही कर वेगवेगळे गोल केले की एवढा फरक कागदावर केला तरी पडतोच, आणि त्यांच्या वहीतही 5.36 च होते.